गाडी विकली, पण फास्टॅगचा ऑटो-रिचार्ज अजून माझ्याच खात्यातून होतोय. थांबवू कसा आणि उरलेले पैसे परत कसे मिळवू?

पन्हाळा_रोड · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमची आठ वर्षं वापरलेली गाडी गेल्या महिन्याच्या ३ तारखेला पुण्याच्या एका डीलरला विकली. कोल्हापुरात घरी येऊन तो गाडी घेऊन गेला. कागद झाले, पैसे मिळाले, आरसीच्या बदलाचे फॉर्म २९ आणि ३० सह्या करून दिले. काचेवरचा फास्टॅग मात्र तसाच राहिला. डीलर म्हणाला, "ताई, नवीन गिऱ्हाईक स्वतःचा नवा टॅग घेतंयच, काळजी करू नका." मलाही ते खरं वाटलं.

टॅगला मी ऑटो-रिचार्ज लावला होता. बॅलन्स २०० च्या खाली गेला की ५०० आपोआप भरायचे. पुण्या-मुंबईला वारंवार जाणं व्हायचं तेव्हा फार सोयीचं होतं. विकायच्या दिवशी वॉलेटमध्ये ३४० रुपये होते.

परवा खात्याचं स्टेटमेंट बघत होते, तर ५०० रुपये तीनदा गेलेले. मग टॅगचे मेसेज उघडले. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर, परत खेड-शिवापूर... एकूण तेरा टोल. आज बॅलन्स ४१५ दाखवतोय. म्हणजे कुणीतरी माझ्या पैशाने पुणे-कोल्हापूर करतंय.

मी रिचार्जचं अ‍ॅप मोबाईलमधून काढून टाकलंय. एवढ्याने थांबेल ना? आणि हे ४१५ आणि आधीचे पैसे बँकेकडून परत मिळतील का? टॅग घेताना २०० रुपये डिपॉझिटही घेतलं होतं.

मधली_आळी · सोमवार, रात्री ९:५८

अ‍ॅप काढून काही होत नाही हो. परवानगी अ‍ॅपमध्ये नसते, बँकेकडे असते. आधी ती रद्द करा, बाकीचं नंतर बघू.

गावठाण · सोमवार, रात्री १०:१०

काही करायची गरज नाही असं माझं मत. आता 'एक गाडी एक फास्टॅग' आहे. नवीन मालकाने त्याच गाडीवर नवा टॅग काढला की जुना आपोआप बंद पडतो. शेवटचा काढलेला टॅगच चालू राहतो. डीलर बरोबर बोलला.

कारकून · सोमवार, रात्री १०:४७

गावठाण, तुमचं अर्धं बरोबर आहे. नवा टॅग निघाला की जुना टोलवर चालत नाही, हे खरं. पण नवा टॅग निघेपर्यंत जुना चालतो, आणि फुकटचा टॅग चालतोय तोवर नवा काढायची घाई कुणाला? महिनाभर नेमकं तेच झालंय. शिवाय टॅग बंद पडला म्हणून तुमचं वॉलेट बंद होत नाही आणि पैसे आपणहून खात्यात येत नाहीत. ते तिथेच पडून राहतात.

पन्हाळा_रोड, मी टोलच्या कामात नाही, पण बँकेत याच विभागात काही वर्षं काढली आहेत. तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकात एक गुंतल्या आहेत, त्या सोडवून घ्या म्हणजे कुणाकडे काय मागायचं ते कळेल.

पहिली, वॉलेटमध्ये पैसे आणणारी परवानगी, म्हणजे मँडेट. दुसरी, वॉलेटमधून पैसे नेणारा टॅग. तिसरी, मध्ये साठलेले पैसे आणि डिपॉझिट. मँडेट रद्द केलं तरी टॅग चालू राहतो आणि उरलेले ४१५ संपवतो. टॅग बंद केला तरी मँडेट आपोआप मरत नाही. त्यामुळे दोन्ही कामं एकाच दिवशी करा, पण आधी मँडेट. टॅग बंद व्हायला काही दिवस लागतात, आणि तेवढ्यात बॅलन्स २०० च्या खाली गेला तर आणखी ५०० येऊन पडतील. वॉलेट बंद होत असताना आलेले पैसे परत फिरवायला निराळा अर्ज करावा लागतो, त्या भानगडीत पडू नका.

आता मँडेट कुठे आहे ते शोधायचं. खात्याच्या स्टेटमेंटमध्ये त्या ५०० च्या ओळीसमोर काय लिहिलंय ते इथे टाका. खाते क्रमांक वगैरे खोडून.

पन्हाळा_रोड · सोमवार, रात्री ११:०५

ओळीची सुरुवात UPI ने आहे आणि मध्ये MANDATE असं दिसतंय. आणि एक विचारायचं राहिलं. विजेच्या बिलाचं ऑटोपे आहे, त्याचा मेसेज आदल्या दिवशी येतो. याचा एकदाही आला नाही. पैसे गेल्यावरच आला. हे बरोबर आहे का?

कारकून · सोमवार, रात्री ११:३१

मग काम सोपं आहे. हे यूपीआय ऑटोपे आहे. ज्या यूपीआय अ‍ॅपमधून पहिल्यांदा मंजुरी दिली होती ते उघडा. प्रोफाइलमध्ये किंवा पेमेंटच्या सेटिंगमध्ये AutoPay किंवा Mandates असं सापडेल. त्यात टॅग देणाऱ्या बँकेच्या नावाची ओळ असेल. ती उघडली की खाली Pause आणि Revoke अशी दोन बटणं असतात. Pause म्हणजे तात्पुरतं थांबवणं, तुम्हाला Revoke हवंय. यूपीआय पिन मागेल, घाला. नंतर रद्द झाल्याचा मेसेज येईल, तो आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. त्याच पानावर त्या मँडेटचा एक लांबलचक क्रमांक असतो, शेवटी @ असलेला. तोही टिपून ठेवा, तक्रार करायची वेळ आलीच तर तोच लागतो.

ज्यांनी कार्ड देऊन ऑटो-रिचार्ज लावला असेल त्यांना यूपीआयमध्ये काहीच दिसणार नाही. त्यांनी कार्ड देणाऱ्या बँकेच्या साइटवर ई-मँडेटचं पान शोधायचं आणि तिथून रद्द करायचं. ओटीपी येतो, फी लागत नाही. ही ऑनलाइन सोय देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलेलं आहे, त्यामुळे "शाखेत या" म्हणाले तर ऐकू नका.

मेसेजबद्दल. एरवी ऑटोपेमध्ये पैसे कापायच्या किमान २४ तास आधी कळवावं लागतं. पण ऑगस्ट २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने फास्टॅग आणि मेट्रो-बसच्या एनसीएमसी कार्डाचं आपोआप भरणं या चौकटीत आणलं आणि त्याला या आगाऊ सूचनेतून सूट दिली. कारण सरळ आहे. बॅलन्स कधी खाली जाणार हे आधी कुणाला माहीत? टोलनाक्यावर बॅलन्स संपल्यावर २४ तास थांबून कसं चालेल? सोय म्हणून योग्यच आहे, पण तुमच्यासारख्या प्रसंगात तीच अंगाशी येते. विजेच्या बिलाला आदल्या दिवशी सावध व्हायची संधी मिळते, इथे मिळत नाही.

दुपारची_लोकल · मंगळवार, सकाळी ७:५०

माझंही सांगते. ठाण्यात राहतो आम्ही. मुलुंडचा नाका रोजचा होता म्हणून नवऱ्याने टॅगमध्ये एकदम दोन हजार भरून ठेवले होते. १५ ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या गाड्यांचा टोल बंद झाला आणि ते पैसे तसेच राहिले. गाडी आहे, टॅगही हवा आहे, फक्त जास्तीचे पैसे काढायचे होते. आमच्या बँकेने सांगितलं, टॅग बंद केला तरच पैसे निघतील, चालू ठेवून नाही. शेवटी राहू दिले, गावी जाताना संपले. ऑटो-रिचार्ज मात्र त्या दिवशीच काढला.

सह्याद्री_एक्सप्रेस · मंगळवार, सकाळी ८:२०

ताई, तुम्ही फास्टॅगचा वार्षिक पास का घेत नाही? वर्षभर किंवा २०० फेऱ्या, मग ऑटो-रिचार्ज हवाच कशाला?

मधली_आळी · मंगळवार, सकाळी ८:२६

त्यांनी गाडी विकली आहे हो.

सह्याद्री_एक्सप्रेस · मंगळवार, सकाळी ८:४१

माफ करा, शीर्षक नीट वाचलं नाही. पण ज्यांनी पास घेतलाय त्यांच्यासाठी सांगतो. पास राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी राज्याचे आहेत, तिथे पास असूनही वॉलेटमधूनच कापतात. मला वाटलं पास घेतला म्हणजे ऑटो-रिचार्ज आपोआप थांबला असेल. लोणावळ्याला जाऊन आलो आणि खात्यातून पैसे गेले. आणि गाडी विकणार असाल तर लक्षात ठेवा, पास दुसऱ्या गाडीवर जात नाही आणि त्याचे पैसेही परत मिळत नाहीत.

जुनी_गाडी_नवा_रंग · मंगळवार, सकाळी १०:१५

मी गाड्यांची खरेदी-विक्री करतो, म्हणून आमची बाजू मांडतो. टॅग विकणाऱ्याच्या नावावर, मोबाईल विकणाऱ्याचा, ओटीपी विकणाऱ्याला. आम्ही तो बंद करू शकतच नाही. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला गाडी ताब्यात घ्यायच्या आधी टॅग बंद करायला सांगतो. बरेच जण म्हणतात करतो आणि करत नाहीत.

आणखी एक. ताई, टॅग बंद करायच्या आधी डीलरला फोन करून सांगा. गेल्या वर्षी एका विकणाऱ्याने काही न सांगता टॅग बंद केला. नवीन मालक बायको-मुलांना घेऊन तासवड्याला उभा. रोख दिली तर दुप्पट टोल, मागे गाड्यांची रांग. त्याचा काय दोष होता?

गावठाण · मंगळवार, सकाळी १०:३३

दोष कसा नाही? दुसऱ्याच्या पैशाने तेरा टोल पार केले त्याने. टॅग आपला नाही हे त्याला कळत नव्हतं?

जुनी_गाडी_नवा_रंग · मंगळवार, सकाळी १०:५२

खरंच कळत नाही कित्येकांना. गाडीबरोबर टायर येतात तसा टॅग येतो असं वाटतं. किमतीत धरलाय असंही समजतात. आणि टोलचा मेसेज त्याला येतच नाही, मूळ मालकाला येतो. सगळेच लबाड नसतात.

पन्हाळा_रोड · मंगळवार, दुपारी १:१५

मँडेट रद्द झालं! कारकून, तुम्ही सांगितलं तिथेच होतं. मर्यादा २००० पर्यंत आणि मुदत अजून कितीतरी वर्षं शिल्लक होती, हे बघून पोटात गोळाच आला. स्क्रीनशॉट घेतलाय. डीलरलाही फोन केला, म्हणाला गिऱ्हाइकाला कळवतो.

आता टॅग बंद करायला काय करू? आणि माझे १५०० परत मिळतील ना?

कारकून · मंगळवार, दुपारी २:०५

छान झालं. आता हिशोब नीट मांडू, म्हणजे बँकेशी उगाच वाद होणार नाही.

विक्रीच्या दिवशी ३४० होते. त्यानंतर ५०० तीनदा आले, म्हणजे १५००. एकूण १८४०. आज ४१५ आहेत. तेव्हा तेरा टोलांचे गेले १४२५.

बँकेकडून मिळतील ते ४१५ आणि डिपॉझिटचे २००, असे ६१५. ते १४२५ बँक देणार नाही. रागावू नका, बँकेच्या दृष्टीने टॅग चालू होता, गाडी तीच होती, नाक्यावरून ती खरोखर गेली. चुकीचा टोल कापला गेला, एकाच फेरीचे दोनदा गेले, गाडी दारात उभी असताना टोल लागला, तर तक्रार चालते. तुमच्या बाबतीत कापलेला टोल बरोबरच आहे, फक्त तो भरायला दुसऱ्या कुणी हवा होता. त्यामुळे ते १४२५ डीलरकडून किंवा नव्या मालकाकडून मागायचे. टॅगच्या स्टेटमेंटची पीडीएफ काढा. तेराही नोंदींवर तारीख, वेळ आणि नाक्याचं नाव असतं. विक्रीच्या कागदावरची तारीख आणि ती पीडीएफ एकत्र ठेवली की बोलायला फार जागा उरत नाही.

टॅग बंद करायचा तो ज्या बँकेने दिला तिच्याकडेच. १०३३ हा महामार्गाचा मदत क्रमांक आहे, नाक्यावरच्या अडचणीला उपयोगी, पण वॉलेटमधले पैसे तुमच्या बँकेकडे आहेत. फास्टॅगच्या पोर्टलवर लॉगिन करून टॅग बंद करण्याची विनंती टाका. कारण विचारतील, 'वाहन विकले' निवडा. विक्रीचा पुरावा मागतील. परतावा कोणत्या खात्यात हवा ते विचारतील, तिथे स्वतःच्या नावाचं, वापरात असलेलं खातं द्या आणि आयएफएससी दोनदा तपासा. सेवा विनंतीचा क्रमांक मिळेल, तो नाही मिळाला तर विनंती झालीच नाही असं समजा.

विनंती टाकल्यावर मदत क्रमांकावर फोन करून टॅग आजच ब्लॉक करायलाही सांगा. नाहीतर बंद होईपर्यंत ४१५ मधून जातच राहतील.

शून्य_शिल्लक · मंगळवार, दुपारी ३:३०

विषय थोडा बदलतो, पण ऑटो-रिचार्जचाच आहे. माझ्याकडे मेट्रोचं एनसीएमसी कार्ड आहे. पुणे सोडून बंगळुरूला चाललोय. कार्डात सातशेच्या वर आहेत. त्याचेही असेच परत मिळतील का?

कारकून · मंगळवार, दुपारी ४:१०

केवायसी न करता खिडकीवर हातोहात मिळालेलं कार्ड असेल, तर नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमात अशा प्रवासी कार्डांना ३००० ची मर्यादा आहे, मुदत संपत नाही, आणि रोख काढणं, परतावा, दुसरीकडे पाठवणं यापैकी काहीच चालत नाही. ओळखपत्र न मागता कार्ड देण्याची सवलत आहे, तिच्या बदल्यातली ही अट. म्हणून तिथे आधी ऑटो-रिचार्ज थांबवायचा आणि पैसे प्रवासातच संपवायचे. पूर्ण केवायसीचं कार्ड असेल तर ऑनलाइन खात्यातले पैसे निघू शकतात. पण गेटवर टेकवून कापले जातात ते चिपमधले पैसे निराळे. बंगळुरूच्या मेट्रोतही एनसीएमसी चालतं, तिकडे वापरून संपवा, तेच सोपं.

टोकियोकर · मंगळवार, संध्याकाळी ६:४५

आमच्याकडचं सांगतो, कुणी परतत असेल तर उपयोगी पडेल. जपानमध्ये रेल्वेचं सुईका कार्ड परत करताना ५०० येन डिपॉझिट परत मिळतं, पण शिल्लक रकमेतून २२० येन फी कापतात. शिल्लक शून्य असेल तर फी नाही, पूर्ण ५०० मिळतात. म्हणून इथले लोक परतायच्या आदल्या दिवशी स्टेशनवरच्या दुकानात त्याच कार्डाने ओनिगिरी आणि चहा घेतात आणि शून्यावर आणतात. मीही तेच करणार आहे. आणि कार्ड परत करायचं ते ज्या रेल्वे कंपनीने दिलं तिच्याच हद्दीत. माझा मित्र ओसाकाच्या विमानतळावर टोकियोचं कार्ड परत द्यायला गेला आणि तसाच ते खिशात घेऊन भारतात आला.

शून्य_शिल्लक · मंगळवार, संध्याकाळी ७:०२

कारकून, धन्यवाद. हातोहात मिळालेलंच आहे. मग संपवतो.

टोकियोकर, चहाची कल्पना आवडली. आमच्या मेट्रो कार्डावर चहा मिळाला असता तर आजच संपलं असतं.

वाडा_चिरेबंदीवाला · मंगळवार, रात्री ९:२०

माझी अडचण जरा अवघड आहे. टॅग वडिलांच्या नावाचा. ते जानेवारीत गेले. गाडी आता मी वापरतो, आरसी माझ्या नावावर झाली. टॅगमध्ये ११०० च्या आसपास होते. टॅग बंद करायची विनंती टाकायला ओटीपी त्यांच्या नंबरवर, तो नंबर मी चालू ठेवलाय. पण परतावा गेला त्यांच्या खात्यात, ते खातं आम्ही मार्चमध्येच बंद केलं होतं. आता पैसे ना वॉलेटमध्ये, ना खात्यात. बँकेला तीन ईमेल केले. उत्तर एकच, "आपली विनंती पूर्ण झाली आहे."

मधली_आळी · मंगळवार, रात्री ९:४८

वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्ही टॅगला हातच लावला नव्हता, आधी वारसाची कागदपत्रं दिली आणि मग वारसाच्या खात्यात परतावा मागितला. चार महिने लागले पण आले. तुमच्या बाबतीत परतावा परत फिरून बँकेच्याच कुठल्यातरी खात्यात पडला असणार. "परतावा कोणत्या तारखेला, कोणत्या यूटीआर क्रमांकाने, म्हणजे बँकेच्या व्यवहार क्रमांकाने, पाठवला आणि तो परत आला का", एवढंच लेखी विचारा. नुसतं "पैसे मिळाले नाहीत" लिहिलं की छापील उत्तर येतं.

कारकून · मंगळवार, रात्री १०:३०

मधली_आळी यांचा यूटीआरचा सल्ला अगदी योग्य. त्यात भर एवढीच, की ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तराने समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. फी नाही, वकील नको. पण आधी बँकेकडे केलेल्या तक्रारीचा क्रमांक आणि तारीख लागते. वारसाच्या बाबतीत कोणती कागदपत्रं पुरतात ते प्रत्येक बँक वेगळं सांगते, तिथे मी खात्रीने बोलणार नाही.

गावठाण · बुधवार, सकाळी ९:००

माझा टॅग बचत खात्यालाच जोडलाय, वॉलेट नाहीच. टोल थेट खात्यातून जातो. मग ना रिचार्ज, ना शिल्लक. हे बरं नाही का?

दुपारची_लोकल · बुधवार, सकाळी ९:२५

बरं आहे, पण पन्हाळा_रोड यांच्यासारखं झालं असतं तर थांबायला २०० आणि ५०० चा टप्पाही नव्हता. नवीन मालक कन्याकुमारीला गेला असता तरी टोल तुमच्याच खात्यातून.

गावठाण · बुधवार, सकाळी ९:३१

हा मुद्दा लक्षात आला नव्हता. विकताना आधी टॅग बंद करीन.

पन्हाळा_रोड · पुढचा शुक्रवार, रात्री ८:१०

मंडळी, काय झालं ते सांगायला आले.

मंगळवारी दुपारी टॅग बंद करायची विनंती टाकली, विक्रीचा कागद आणि फॉर्म २९ ची प्रत जोडली. टॅगचा फोटो मागितला. गाडीच जवळ नाही तर फोटो कुठून आणू? मदत क्रमांकावर तीनदा बोलले. तिसऱ्या वेळी एका मुलीने नीट ऐकून घेतलं आणि 'गाडी ताब्यात नाही' असं साध्या कागदावर लिहून, सही करून अपलोड करायला सांगितलं. ते चाललं. टॅगही तेव्हाच ब्लॉक केला.

तरी बुधवारी आणखी एक टोल आला, ९० रुपयांचा, आनेवाडीचा. मी घाबरले, ब्लॉक केलेला टॅग चालला कसा? नोंद उघडून बघितली तर गाडी नाक्यावरून गेल्याची वेळ सोमवारची सकाळ होती, मेसेज मात्र बुधवारचा. म्हणजे टोल आधीचाच, आला उशिरा.

काल ३२५ खात्यात आले. डिपॉझिटचे २०० आज संध्याकाळी वेगळे आले. मध्ये एक दिवस मला वाटलं डिपॉझिट बुडालं.

कारकून · पुढचा शुक्रवार, रात्री ८:४०

हो, नाक्याकडून नोंद कधीकधी दोन-तीन दिवसांनी येते. बंद करायला बँक वेळ घेते त्यामागे हेही एक कारण असतं, असे मागे राहिलेले टोल आधी येऊ देतात आणि मग शिल्लक मोजतात. म्हणून मेसेजची तारीख न बघता गाडी गेल्याची वेळ बघायची, तुम्ही नेमकं तेच केलंत. ते ९० धरून आता डीलरकडे १५१५ मागा.

पन्हाळा_रोड · पुढचा शुक्रवार, रात्री ९:०५

मागितले. स्टेटमेंटची पीडीएफ पाठवली आणि विक्रीच्या तारखेखालच्या चौदा ओळी पिवळ्या करून दिल्या. डीलरने नवीन मालकाचा फोन जोडून दिला. भला माणूस निघाला. म्हणाला, टॅग गाडीबरोबर आला असंच वाटलं होतं. त्याने लगेच १४२५ पाठवले. ९० चं म्हणाला, "सोमवारी सकाळी गाडी सर्व्हिसिंगला होती, मी गेलोच नाही." आता सर्व्हिसिंगवाल्याने गाडी आनेवाडीपर्यंत नेली का, हे तो विचारतोय.

जुनी_गाडी_नवा_रंग · पुढचा शुक्रवार, रात्री ९:२०

त्याला विचारू दे नक्की. ९० रुपयांपेक्षा ते कळणं त्याच्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे.

वाडा_चिरेबंदीवाला · पुढचा शुक्रवार, रात्री १०:०२

यूटीआर विचारल्यावर आज पहिल्यांदा माणसाने लिहिलेलं उत्तर आलं. परतावा परत फिरलाय हे मान्य केलं. आता वारसाचा दाखला की सगळ्या वारसांचं नोटरी केलेलं पत्र, यावर अडलंय. ११०० रुपयांसाठी दाखला काढायला न्यायालयात जायचं का? कुणाला पत्रावर काम झाल्याचा अनुभव असेल तर कृपया सांगा.